सनस्क्रीनच्या ट्यूबवरचे आकडे आणि अधिकची चिन्हं: काय मोजतात, किती वेळ पुरतात

मार्च उजाडला की मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी रोज येते. "सगळ्यात मोठ्या नंबरचं द्या, म्हणजे सकाळी एकदा लावलं की संध्याकाळपर्यंत बघायला नको." मागणीमागे एक हिशेब असतो, आणि तो बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो: उन्हात आपली त्वचा दहा मिनिटांत भाजते, एसपीएफ ५० लावलं तर पन्नास पट, म्हणजे पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तास. गुणाकार बरोबर आहे. पण एसपीएफ मिनिटं मोजतच नाही, त्यामुळे उत्तराचा काही उपयोग नाही. तो काय मोजतो हे कळायला त्याची चाचणी कशी होते ते बघावं लागतं.

एसपीएफचा आकडा येतो कुठून

चाचणीसाठी किमान दहा माणसं घेतात. पाठीवर छोटे चौकोन आखतात. काही चौकोनांवर सनस्क्रीन लावतात, काही उघडे ठेवतात. सनस्क्रीन किती लावायचं हे ठरलेलं असतं: दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. ते एकसारखं पसरवून वाळू देतात. मग सूर्यासारखा प्रकाश देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली प्रत्येक चौकोनाला कमी-जास्त मात्रेत किरण देतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी बघतात, की सगळ्यात कमी किती मात्रेला त्वचा लाल झाली. उघड्या त्वचेला एक मात्रा लागली आणि सनस्क्रीनखालच्या त्वचेला पन्नास लागल्या, तर त्या माणसापुरता एसपीएफ ५०. सगळ्यांची सरासरी काढून ट्यूबवर छापतात.

म्हणजे एसपीएफ हे किरणांच्या मात्रेचं गुणोत्तर आहे. त्वचेला लाल करणाऱ्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांपैकी, मुख्यतः त्यातल्या यूव्हीबी या प्रकारापैकी, किती आत जातात ते तो सांगतो. एसपीएफ ३० मधून तिसावा भाग आत जातो, एसपीएफ ५० मधून पन्नासावा. या सगळ्यात माणूस खोलीत पालथा पडलेला असतो. त्याला घाम येत नाही, तो रुमालाने तोंड पुसत नाही, हेल्मेट घालत नाही.

मिनिटांचा हिशेब फसतो तो इथेच, कारण दर मिनिटाला मिळणारी मात्रा दिवसभर बदलत असते. हवामानाच्या अॅपमध्ये यूव्ही इंडेक्स नावाचा आकडा असतो, तो हीच मात्रा दाखवतो. इंडेक्स २ असताना तासाभरात जेवढे किरण अंगावर पडतात, तेवढे इंडेक्स १० असताना बारा मिनिटांत पडतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे भर दुपारी इंडेक्स १० च्या वर जाणं नेहमीचं आहे. आणि भर दुपार म्हणजे ठोक बारा नाहीत. घड्याळ देशभर एक असलं तरी सूर्य पूर्वेकडे आधी माथ्यावर येतो. एप्रिलमध्ये नागपुरात तो सव्वाबाराच्या आसपास डोक्यावर असतो, मुंबईत साडेबारा उलटून गेल्यावर. दोन्हीकडे त्यापुढचे दीड-दोन तासही ऊन कडकच असतं.

अॅप नसेल तर स्वतःची सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत. सावली उंचीच्या निम्मीच उरली, तर ती दिवसातली सगळ्यात वाईट वेळ. ऊन किती चटकतंय यावर जाऊ नका. उष्णता आणि यूव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरात महाबळेश्वरला गार वारा असतो, तिथेही दुपारी चेहरा रापतोच.

३० आणि ५० मध्ये फरक किती

इथे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ५० म्हणजे कवच. दुसरा म्हणतो, एसपीएफ ३० मुळे ९७ टक्के किरण अडतात आणि ५० मुळे ९८, म्हणजे एका टक्क्यासाठी जास्त पैसे कशाला? दुसरा सल्ला हुशारीचा वाटतो, पण तो अर्धवट आहे. त्वचेचं नुकसान आत गेलेल्या किरणांनी होतं, त्यामुळे तिकडून बघायला हवं. ३० मधून शंभरातले सुमारे ३.३ आत जातात, ५० मधून २. म्हणजे आत जाणारे किरण ४० टक्क्यांनी घटले. हा फरक खरा आहे. एसपीएफ १०० मध्ये १ आत जातो. त्यापुढे आकडे वाढवत नेण्यात फारसा अर्थ राहत नाही, म्हणून युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया इथे लेबलवर '५०+' च्या पुढे आकडा लिहू देत नाहीत.

मी स्वतः ५० घ्या असंच सांगतो, पण कारण वेगळं आहे. लोक कमी लावतात. वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, की माणसं चाचणीतल्या २ मिलिग्रॅमऐवजी अर्धा ते एक मिलिग्रॅमच लावतात. निम्मा थर म्हणजे एसपीएफही ढोबळमानाने निम्मा, कधी त्याहून कमी. पाव थर लावला तर ५० ची ट्यूब बारा-तेराचं काम करते. तेवढीच कंजुषी ३० च्या ट्यूबबरोबर केली, तर हाती सात-आठ उरतात. मोठ्या आकड्याचा खरा फायदा हा, की आपल्या आळसाला थोडी जागा मिळते. तास वाढत नाहीत.

तास वाढत नाहीत, कारण थर उतरण्याचा वेग एसपीएफवर ठरत नाही. घाम, चेहऱ्याचं तेल, मास्क, स्कार्फ, गालाला टेकवलेला फोन, सवयीने डोळ्यांखाली फिरणारं बोट, हे सगळं ३० चा थर जसा पुसतं तसाच ५० चा. मच्छरदाणीची जाळी कितीही बारीक असली, तरी एका कोपऱ्यात फाटली की डास आत येणारच. शिवाय काही घटक उन्हातच विरत जातात. एव्होबेन्झोन हा यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे किरण अडवणारा नेहमीचा घटक, पण एकटा असला तर प्रकाशात त्याची ताकद घटते. म्हणून चांगल्या बनावटीत त्याला टिकवायला ऑक्टोक्रिलीनसारखा दुसरा घटक घातलेला असतो. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा, हा सल्ला एसपीएफ १५ लाही आहे आणि १०० लाही, त्याचं कारण हे.

पीए आणि अधिकची चिन्हं

एसपीएफ लालीवरून ठरतो, म्हणून यूव्हीएबद्दल तो फार थोडं सांगतो. यूव्हीए किरण त्वचेत खोल जातात. त्यांनी लगेच आग होत नाही, पण रंग काळवंडतो, डाग गडद होतात, सुरकुत्या लवकर पडतात. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची तक्रार बहुतेक वेळा हीच असते. शिवाय सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे "मला काही भाजलं नाही" यावरही फार विसंबता येत नाही.

यूव्हीए किती अडतात हे सांगणारी पीए ही मोजणी जपानची. तिथल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या संघटनेने ती १९९६ मध्ये आणली. तेव्हा तीन अधिक चिन्हांपर्यंत पायऱ्या होत्या, चौथं चिन्ह २०१३ मध्ये आलं. चाचणी एसपीएफसारखीच असते, फक्त दिवा यूव्हीएचा असतो आणि लालीऐवजी, काही तासांनी टिकून राहिलेला काळेपणा बघतात. जे गुणोत्तर येतं त्याचे गट केलेत. २ ते ४ ला एक अधिक, ४ ते ८ ला दोन, ८ ते १६ ला तीन, आणि १६ च्या वर चार.

आता हे आकडे एसपीएफच्या शेजारी ठेवून बघा. एका ट्यूबवर 'एसपीएफ ५०, पीए++' आहे. दोन अधिक म्हणजे कमीत कमी ४, याचा अर्थ यूव्हीएचा चौथा हिस्सा आत जाऊ शकतो, आणि तोही थर पुरेपूर लावल्यावर. यूव्हीबीचा मात्र पन्नासावाच भाग जातोय, त्यामुळे त्वचा लाल होत नाही, आग होत नाही, आणि माणूस निवांतपणे आणखी दोन तास क्रिकेट बघत गॅलरीत बसतो. तेवढा वेळ यूव्हीए आत जातच असतात. मोठा एसपीएफ आणि कमजोर पीए ही जोडी मला एसपीएफ ३०, पीए++++ पेक्षा वाईट वाटते. तक्रार काळवंडण्याची असेल तर नक्कीच.

पीएला एक मर्यादा आहे. गट मोठे आहेत, त्यामुळे ८ आणि १५ अशा दोन क्रीमवर सारखंच पीए+++ दिसेल, जरी दुसरीतून यूव्हीए जवळजवळ निम्मेच आत जात असले तरी. दुकानात उभं राहून हे कळायला मार्ग नाही. म्हणून चार अधिकवाली मिळत असेल तर ती घ्या.

अमेरिकेतून कुणी ट्यूब आणली तर तिच्यावर पीए बहुधा नसतं. तिथे 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे शब्द असतात. यूव्हीए अडवण्याची एक किमान अट पार केली, एवढंच त्यातून कळतं, किती ते कळत नाही. युरोपातल्या ट्यूबवर गोल वर्तुळात यूव्हीए अशी अक्षरं असतात. तिथला नियम असा, की यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश हवं. म्हणजे एसपीएफ ५० वर ते वर्तुळ असेल तर आकडा १६ च्या पुढे गेला, आपल्या भाषेत चार अधिक. एसपीएफ ३० वर असेल तर किमान १०, म्हणजे तीन अधिक.

काचेचंही इथेच सांगून टाकतो. साधी काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए पुष्कळ आत सोडते. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, ती यूव्हीएही चांगले अडवते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी असतात. रोज लांब गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा रापलेला दिसतो तो त्यामुळे. खिडकीशेजारी टेबल असलेल्यांनी एसपीएफकडे थोडं कमी आणि पीएकडे जास्त बघावं.

लावायचं किती आणि कसं

पहिली पायरी, मापाची. चेहरा, कान आणि मान मिळून क्षेत्रफळ ढोबळमानाने ६०० चौरस सेंटिमीटर धरा. २ मिलिग्रॅमने झाले १.२ ग्रॅम. घरचं माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक पट्टी. नळीचं तोंड बारीक असेल तर पट्टी जाड काढा. चेहऱ्याला एवढं क्रीम पहिल्यांदा हास्यास्पद वाटतं. त्यामुळे एकदम चोपडू नका. एका बोटाचं लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बोटाचं. राहून जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: कानाची पाळ, मानेची मागची बाजू, केसांच्या कडेची कपाळपट्टी, आणि पुरुषांमध्ये विरळ केसांखालची टाळू.

दुसरी पायरी, क्रमाची. मॉइश्चरायझर लावत असाल तर आधी ते, मुरल्यावर सनस्क्रीन, त्यावर मेकअप. दोन्ही तळहातावर एकत्र कालवू नका, थर पातळ आणि ठिगळाठिगळाचा होतो. एसपीएफ ३० च्या क्रीमवर एसपीएफ २० चं फाउंडेशन लावलं तर बेरीज ५० होत नाही. एसपीएफ लिहिलेल्या पावडरवरही विसंबू नका, छापलेला आकडा मिळवायचा तर चेहरा पिठासारखा पांढरा करावा लागेल.

तिसरी पायरी, वेळेची. उन्हात जायच्या पंधरा मिनिटं आधी लावा, म्हणजे थर बसतो. चपला घालताना लावून लगेच स्कार्फ बांधला, तर बरंचसं क्रीम स्कार्फला लागतं.

आपण पुरेसं लावतो का, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण ट्यूब किती दिवस पुरते ही आहे. ट्यूब उघडली त्या दिवशीची तारीख मार्कर पेनने तिच्यावर लिहा. फक्त चेहरा आणि मान, दिवसातून दोनदा, म्हणजे २.४ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. एकदाच लावत असाल तर सहा आठवड्यांत. परवा एक ताई म्हणाल्या, "मी रोज न चुकता लावते, तरी रंग उतरतोच आहे." ट्यूब किती दिवस जाते विचारलं, तर म्हणाल्या चार महिने. ५० भागिले १२० दिवस, म्हणजे रोज ०.४ ग्रॅम. एका वेळच्या मापाचा तिसरा हिस्सा, तोही दिवसभरासाठी. क्रीम बदलायची गरजच नव्हती.

नागपुरातला एक दिवस

समजा, नागपुरात एप्रिल आहे. एक विमा प्रतिनिधी सव्वानऊला स्कूटीवरून निघते, अर्ध्या तासात ऑफिस. दीड वाजता जेवायला चालत बाहेर, वीस मिनिटांचं ऊन. तीनला ग्राहकांकडे, तासभर फिरणं. सहाला घरी. एसपीएफ ५०, पीए++++ ची ट्यूब आहे.

नऊ वाजता दोन बोटं क्रीम चेहऱ्याला आणि मानेला. सव्वानऊला स्कार्फ आणि हेल्मेट. ऑफिसात पोचून स्कार्फ सोडला, की गालांवरचं आणि हनुवटीवरचं क्रीम बरंचसं गेलेलं असतं. पण ती आता आत बसणार, खिडकी लांब आहे, त्यामुळे लगेच पुन्हा लावायची गरज नाही. दोन तासांचा नियम उन्हात असणाऱ्यांसाठी आहे. आत बसून घड्याळ लावून लावत राहणं म्हणजे क्रीम वाया घालवणं.

दीडचं ऊन मात्र दिवसातलं कडक. सकाळच्या थरावर ते काढायचं नाही. सव्वा वाजता चेहरा कोरड्या रुमालाने टिपून घ्यायचा, चोळायचा नाही, आणि पुन्हा दोन बोटं. मेकअप असेल तर इथे अडचण येते. मग छत्री घेणं जास्त शहाणपणाचं. जेवून आल्यावर तोंड धुतलं, तर तीनच्या आधी तिसऱ्यांदा लावावं लागेल. नाही धुतलं आणि घामही फार आला नाही, तरी दीड तास झालाय आणि पुढे तासभर ऊन आहे, त्यामुळे नाक, गाल, कपाळ एवढ्यांवर तरी पुन्हा लावावं. सहाला ऊन उतरलेलं, सावली लांबच लांब. तेव्हा काही लावायचं नाही.

आता हातांचं बघू. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता असेल तर कोपरापासून बोटांपर्यंतच्या प्रत्येक हाताला साधारण दीड ग्रॅम लागतं. दोन हातांचे तीन, चेहऱ्याचे सव्वा, म्हणजे एका वेळचे सव्वाचार ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत रिकामी. ट्यूब ५०० रुपयांची धरली तर महिन्याचे अडीच हजार. हे कुणी करत नाही, आणि करूही नये. हातांना सनकोट किंवा पूर्ण बाह्या. दाट विणीचं कापड घामाने पुसलं जात नाही आणि दोन तासांनी पुन्हा लावावंही लागत नाही. क्रीम चेहऱ्यासाठी, मानेसाठी आणि हाताच्या मागच्या बाजूसाठी राखून ठेवायचं.

समुद्र, पाणी, घाम

गोव्याला किंवा तारकर्लीला जाताना हिशेब बदलतो. कोरडी वाळू अंगावर पडणारे सुमारे १५ टक्के यूव्ही परत उडवते, समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे छत्रीखाली बसूनही हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखाली भाजतं. पाण्यात कुठलंच सनस्क्रीन कायम टिकत नाही. 'वॉटरप्रूफ' हा शब्द लेबलवर लिहायला अमेरिकेने २०११ च्या नियमांत बंदीच घातली. तिथे आता 'वॉटर रेझिस्टंट' लिहितात आणि पुढे ४० किंवा ८० मिनिटं. पाण्यात तेवढा वेळ छापलेला एसपीएफ टिकतो, असा त्याचा अर्थ. पाण्यातून बाहेर येऊन टॉवेलने खसाखसा अंग पुसलं, की मिनिटं शिल्लक असोत वा नसोत, पुन्हा लावायचं. संपूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३५ ग्रॅम लागतं. चौघांच्या कुटुंबाला दोन दिवसांसाठी एक छोटी ट्यूब नेली तर ती पहिल्या सकाळीच संपायला हवी. नाही संपली तर कमी लावलं. मुलांना अंगभर झाकणारे पोहण्याचे कपडे घाला.

दोन्ही आकडे जे मोजत नाहीत

वांग असलेल्यांची एक वेगळी अडचण आहे. एसपीएफ ५०, पीए++++, माप बरोबर, वेळ बरोबर, तरी गालांवरचा वांग उन्हाळ्यात गडद होतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही, विशेषतः त्यातल्या निळ्या भागाने, सावळ्या त्वचेचा रंग गडद होतो, आणि एसपीएफ किंवा पीए यांपैकी कुणीच तो मोजत नाही. बिनरंगी क्रीममधून तो बराचसा आत जातो. अशांनी त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. त्यातले आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य हा प्रकाश अडवतं. घटकांच्या यादीत ते नाव बघून घ्या, नुसतं 'टिंटेड' लिहिलेलं पुरेसं नाही. वांग पसरतच असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं, क्रीम बदलत बसू नये.

आणि ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात डिकी इतकी तापते, की क्रीममधलं तेल आणि पाणी वेगळं होतं. दाबल्यावर आधी पाण्यासारखं काहीतरी गळलं, किंवा पसरवताना दाणे लागले, वास बदलला, तर मुदतीची तारीख पुढची असली तरी ती टाकून द्या. अशा क्रीमचा एकसारखा थर बसत नाही, त्यामुळे छापलेला आकडा त्याला लागू राहत नाही.